‘ऑल सीझन’ म्हणजे नेमके कुठले सीझन? गोव्याहून कॅनडाला जाणाऱ्या कुटुंबासाठी टायरची निवड

गोव्यात टायर घेताना आपल्या डोळ्यांसमोर एकच ऋतू असतो, पावसाळा. खाचा किती खोल आहेत आणि जुलैत अनमोडच्या घाटात ब्रेक मारला तर गाडी सरळ थांबेल ना, एवढं बघितलं की काम झालं. थंडीचा विचार करायचं कारणच नसतं. जानेवारीच्या पहाटेही पणजीत पारा २० अंशांच्या आसपासच असतो. त्यामुळे आपल्याकडे दुकानात मिळणारा जवळजवळ प्रत्येक टायर हा तिकडच्या भाषेत ‘समर टायर’ असतो, फक्त इथे त्याला तसं कुणी म्हणत नाही.

कॅनडात पोचल्यावर मात्र दुकानदार विचारतो, ‘विंटर, ऑल सीझन की ऑल वेदर?’ नवखा माणूस मधला पर्याय उचलतो, कारण नावच सांगतं की सगळे ऋतू त्यात आले. घोळ इथेच होतो.

पुढची सगळी मांडणी एका उदाहरणावर केली आहे. फोंड्याचं चौघांचं कुटुंब चतुर्थी आटोपून निघालं आणि सप्टेंबरच्या अखेरीस ओटावाला पोचलं. मुलं शाळेत, घरातल्या एकाला सकाळी सात वाजता कामावर हजर व्हायचं आहे, आणि टोयोटा कोरोलाच्या मापाची एक सेकंड हँड गाडी घ्यायची ठरली आहे. ओटावात जानेवारीचं सरासरी तापमान उणे १० अंशांच्या आसपास असतं आणि हिवाळाभरात दोन मीटरच्या वर बर्फ पडतो. तुमचं शहर वेगळं असेल तर तिसऱ्या पायरीवर निर्णय बदलेल, बाकीच्या पायऱ्या त्याच राहतील.

## १. आधी टायरवरचं चिन्ह वाचायला शिका

टायरच्या बाजूला, म्हणजे जिथे कंपनीचं नाव असतं तिथे, दोन खुणा शोधायच्या. एक अक्षरांची आणि एक चित्राची.

अक्षरांची खूण ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ. वाचायला भारदस्त वाटते, पण ती फक्त नक्षीच्या रचनेबद्दल आहे: खाचा किती रुंद, किती मोकळ्या. तो टायर बर्फावर चालवून बघितलेला असतोच असं नाही. कंपनी स्वतःच ही खूण उमटवते.

चित्राची खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण. ही १९९९ मध्ये आली. ती मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते आणि ठरवून दिलेल्या एका साध्या संदर्भ टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते. मात्र या चाचणीलाही मर्यादा आहे. उत्तर अमेरिकेत ती गाडी पुढे खेचताना मिळणाऱ्या पकडीची असते. ब्रेक, वळण आणि काचेसारखा गुळगुळीत बर्फ यांचा तिच्याशी संबंध नाही. म्हणून डोंगराच्या चिन्हाकडे उंबरठा म्हणून बघा. तो ओलांडलेले सगळे टायर सारखेच चांगले असतात असं नाही.

आता नावं या दोन खुणांवर बसवून बघा.

समर टायरवर सहसा दोन्ही खुणा नसतात. कॅनडात ज्याला ऑल सीझन म्हणतात त्याच्यावर बहुतेक वेळा फक्त ‘एम प्लस एस’ असतं. तो वसंत, उन्हाळा आणि पानगळीसाठी ठीक, हिवाळ्यात कोरड्या रस्त्यावर कसाबसा निभावतो. ऑल वेदर टायरवर डोंगराचं चिन्ह असतं आणि तो बाराही महिने गाडीवर ठेवता येतो. विंटर टायरवरही डोंगर असतो, पण त्याचं रबर केवळ थंडीसाठी बनवलेलं असतं आणि उन्हाळ्यात तो काढावाच लागतो.

नाव किती फसवं असतं याचं उदाहरण म्हणजे मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २. हा ऑल सीझन म्हणूनच विकला जातो, पण त्याच्यावर डोंगराचं चिन्ह आहे, म्हणजे गुणांनी तो ऑल वेदरच्या पंगतीत बसतो. उलट त्याच रांगेत ठेवलेला दुसरा ऑल सीझन नुसता ‘एम प्लस एस’वाला असू शकतो. दुकानात बसून बोर्ड वाचू नका, उठून टायरपाशी जा आणि चिन्ह बोटानं चाचपा.

पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट: जर्मनीत बर्फ, पाणी गोठलेला रस्ता किंवा बर्फाचा चिखल असताना योग्य टायर असणं सक्तीचं आहे, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे डोंगराचं चिन्ह असलेलेच टायर चालतात. नुसतं ‘एम प्लस एस’ तिथे आता कायद्याच्या दृष्टीनं बाद झालं आहे.

## २. सात अंशांचा आकडा कशासाठी, ते समजून घ्या

तिकडे सगळे एकच नियम सांगतात: दिवसाचं तापमान सतत ७ अंशांच्या खाली राहू लागलं की विंटर टायर लावा. बर्फ पडेपर्यंत थांबू नका. आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण बर्फाचे टायर बर्फासाठी असावेत असा आपला समज असतो.

कारण रबरात आहे. डिसेंबरच्या पहाटे खोबरेल तेल बाटलीत थिजतं आणि बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, हे आपण बघितलेलं असतं. रबर असं एकदम थिजत नाही, पण गारठ्यात ते हळूहळू ताठ होत जातं. टायरची पकड म्हणजे रबराने रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून धरणं. रबर ताठ झालं की ते खडबडीत शिरत नाही, वरच्या वर घसरतं. समर टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली या अवस्थेकडे जाऊ लागतं. ती काही काटेकोर रेघ नव्हे, ६ अंशांवर टायर एकाएकी निकामी होत नाही. पण उणे १५ ला तो प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखा कडक झालेला असतो, आणि कडाक्याच्या थंडीत समर टायर चालवले तर त्यांना चिरा जाऊ शकतात.

विंटर टायरच्या रबरात सिलिकाचं आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण वेगळं ठेवून ते गारठ्यातही मऊ राखलेलं असतं. शिवाय त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारखे नागमोडी बारीक काप असतात. गाडीचा भार आला की हे काप उघडतात आणि त्यांच्या शेकडो कडा बर्फाला चावतात. खाचांमध्ये बर्फ भरून बसतो, तो मुद्दाम बसू दिलेला असतो, कारण बर्फाला सगळ्यात चांगला चिकटतो तो बर्फच. पावसात आपल्याला खाच स्वच्छ आणि पाणी बाहेर फेकणारी हवी असते. इथे हिशोब उलटा आहे.

मग हेच टायर बाराही महिने का ठेवू नयेत? ओटावाचा जुलै ३० अंशांच्या वर जातो. तेव्हा हे मऊ रबर झपाट्यानं झिजतं, काप असलेले ठोकळे वळणावर डुगडुगतात आणि कोरड्या रस्त्यावरही थांबायला जास्त अंतर लागतं. दोन हिवाळ्यांत टायर संपवायचा असेल तरच तसं करा.

पकड घटल्याचा परिणाम किती, हे साध्या गणितानं दिसतं. ताशी ५० किलोमीटर वेगानं चालणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण १४-१५ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर पकड त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास येते, म्हणजे अंतर ४५ मीटरच्या आसपास. चकचकीत बर्फावर पकड एक सप्तमांश झाली तर तेच अंतर १०० मीटर होतं, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाची लांबी. तुमची नजर, तुमचा पाय आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडी यांपैकी काहीही हे अंतर कमी करत नाही. चारचाकी ताकदीची गाडी बर्फातून निघते मात्र झोकात. थांबताना तिलाही तेवढीच चार चाकं आणि तेवढंच रबर असतं. ‘आमची एसयूव्ही आहे, आम्हाला विंटर टायर कशाला’ हे वाक्य नव्यानं आलेल्यांच्या तोंडी हमखास असतं आणि पहिल्या उतारावर ते खोटं ठरतं.

## ३. तुमच्या गावासाठी निवड ठरवा

ओंटारियोत विंटर टायर कायद्यानं सक्तीचे नाहीत. म्हणूनच इथे निवड करावी लागते आणि म्हणूनच चूकही होते.

आपल्या उदाहरणातल्या कुटुंबासाठी उत्तर सरळ आहे: चार विंटर टायर, आणि गाडीसोबत येणारे ऑल सीझन टायर एप्रिल ते ऑक्टोबरसाठी. उणे २० ची पहाट, सातची हजेरी आणि बर्फ साफ करणारी गाडी आतल्या गल्लीत पोचायच्या आधीच घरातून निघणं, हे तिन्ही एकत्र आलं की ऑल वेदरवर तडजोड करण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यासाठी खास समर टायर विकत घ्यायची गरज नाही. ते वेगवान गाड्यांच्या हौशी लोकांचं काम. मात्र सेकंड हँड गाडी समर टायरवर मिळाली असेल तर पहिल्या थंडीआधी ते उतरवायलाच हवेत.

टोरांटोत किंवा हॅमिल्टनमध्ये राहणार असाल, मुख्य रस्ते लगेच साफ होत असतील, आणि बर्फाच्या दिवशी घरून काम करायची किंवा बसने जायची सोय असेल, तर ऑल वेदर हा समंजस पर्याय आहे. एकच संच, वर्षातून दोनदा बदलायची कटकट नाही, टायर ठेवायला जागा नको. व्हँकुव्हरसारख्या ओल्या आणि सौम्य हवेच्या शहरात तर तो उत्तमच, पण तिथून डोंगराच्या दिशेने जाणाऱ्या महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायरची सक्ती सुरू होते. तिथे किमान साडेतीन मिलिमीटर नक्षी असलेला ‘एम प्लस एस’ टायरही कायद्याला चालतो. कायद्याला चालतो आणि खिंडीत चालतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओटावाकरांनी नदीपलीकडचाही नियम जाणून घ्यावा. पूल ओलांडला की गातिनो लागतं आणि ते क्युबेक प्रांतात आहे. क्युबेकमध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च डोंगराच्या चिन्हाचे टायर सक्तीचे आहेत. ओंटारियोची नंबर प्लेट असेल तर ही सक्ती तुम्हाला लागू नाही, पण घरभाडं स्वस्त म्हणून पुढे गातिनोत राहायला गेलात आणि गाडी तिथे नोंदवलीत, तर लागू होते.

एक गोष्ट कुठल्याही शहरात बदलत नाही: टायर चारही सारखे. पैसे वाचवायला फक्त पुढच्या दोन चाकांना विंटर टायर लावले तर पुढचा भाग रस्ता धरतो आणि मागचा सुटतो. वळणावर ब्रेक लागला की गाडी स्वतःभोवती फिरते, आणि मुलं नेमकी मागच्या सीटवर असतात. चार जुने ऑल सीझन एका परीनं परवडले, निदान गाडी सगळीकडून सारखी घसरेल.

खिळे ठोकलेल्या टायरचा मोह झाला तर थांबा. दक्षिण ओंटारियोत ते चालवायला परवानगी नाही, ती सवलत उत्तर ओंटारियोच्या रहिवाशांना आहे.

## ४. दुकानात जाण्याआधी हे जवळ ठेवा

- चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा फोटो. त्यावर टायरचं माप आणि हवेचा दाब असतो.
- गाडीचं मॉडेल, वर्ष आणि नेमका प्रकार. एकाच मॉडेलच्या दोन प्रकारांना वेगळ्या मापाची चाकं असू शकतात.
- गाडीची नोंदणी आणि विम्याचा पॉलिसी क्रमांक.
- नक्षीची खोली मोजायची छोटी पट्टी आणि हवा मोजायचं गेज. दोन्ही स्वस्त असतात आणि दोन्ही वर्षानुवर्षं लागतात.

विम्याचं एवढ्यासाठी की १ जानेवारी २०१६ पासून ओंटारियोतल्या विमा कंपन्यांना विंटर टायर लावणाऱ्याला सवलत देणं बंधनकारक आहे. ती आपोआप लागत नाही, मागावी लागते. टायर विकत घेण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारा: चार टायर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत गाडीवर हवेत, आणि ऑल वेदर टायरला सवलत मिळते का. पावती जपून ठेवा.

## ५. माप वाचा आणि खालचं माप विचारा

टायरवर असा मजकूर दिसेल, त्यातलं माप स्टिकरवरही असतं:

```
205/55R16 91H
DOT .... .... 3423
```

पहिली ओळ: टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, आणि रिम १६ इंची. ९१ हा भाराचा आकडा आहे, म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. शेवटचं अक्षर वेगाचं. विंटर टायरमध्ये वेगाचं अक्षर थोडं खालचं मिळालं तर बिघडत नाही, कारण बर्फात कुणी ताशी २०० नं जात नाही. भाराचा आकडा मात्र स्टिकरपेक्षा कमी घ्यायचा नाही.

दुसऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक जन्मतारीख सांगतात. इथे २०२३ सालचा ३४वा आठवडा.

आता पैसे वाचवणारी युक्ती. १६ इंची रिमच्या जागी हिवाळ्यासाठी १५ इंची रिम आणि जास्त उंच भिंतीचा टायर बसवता येतो, अट एवढीच की चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहायला हवा. पडताळून बघू. २०५ चे ५५ टक्के म्हणजे ११२.७५. ते दोन्ही बाजूंचे मिळून २२५.५, अधिक १६ इंच म्हणजे ४०६.४. एकूण ६३१.९ मिलिमीटर. दुसरं माप १९५ रुंदीचं, ६५ टक्के भिंतीचं, १५ इंची घेतलं तर १२६.७५ च्या दुप्पट २५३.५, अधिक ३८१, एकूण ६३४.५. फरक तीन मिलिमीटरहून कमी, स्पीडोमीटरला कळणारही नाही. फायदा तिहेरी: टायर सहसा स्वस्त, अरुंद असल्यामुळे बर्फाच्या चिखलात खाली रुतून रस्ता गाठतो, आणि उंच भिंतीमुळे वितळत्या बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाकत नाही. हे खड्डे मार्चमध्ये दिसू लागतात आणि त्या बाबतीत आपण गोव्यातून चांगले तयार होऊन गेलेलो असतो.

सावधगिरी एकच: १५ इंची रिम तुमच्या गाडीच्या ब्रेकवर बसते का, हे दुकानदाराकडून गाडीच्या नेमक्या प्रकारासाठी खात्री करून घ्या. मोठे ब्रेक असलेल्या प्रकारात रिम कॅलिपरला घासते.

## ६. वेगळ्या रिम घ्या, हिशोब करून घ्या

विंटर टायर दोन प्रकारे वापरता येतात. एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर काढ-घाल करायचे, किंवा विंटर टायर त्यांच्या स्वतःच्या लोखंडी रिमवर कायमचे चढवून ठेवायचे आणि नुसती चाकं बदलायची.

समजा दुकानानं असे भाव सांगितले: रिमवरून टायर काढून दुसरा चढवणं आणि बॅलन्सिंग, चारही चाकांचे मिळून १२० डॉलर. नुसती चाकं बदलणं ६० डॉलर. लोखंडी रिम एक ९० डॉलर, म्हणजे चार ३६०. वर्षातून दोनदा बदल होतो, म्हणून पहिल्या रीतीत वर्षाला २४० आणि दुसऱ्या रीतीत १२०. दरवर्षी १२० वाचतात, रिमचे ३६० तीन वर्षांत वसूल. चांगला विंटर टायर सरासरी वापरात चार-पाच हिवाळे टिकतो, तेव्हा हिशोब बसतो. तुम्हाला मिळालेले खरे भाव या जागी घाला आणि ओंटारियोचा १३ टक्के विक्रीकर धरायला विसरू नका, दुकानातल्या पाटीवर तो धरलेला नसतो.

पैशांपलीकडचाही एक मुद्दा आहे. दर वेळी टायर रिमवरून ओढून काढताना त्याच्या कडेची कड ताणली जाते, आणि हात जड असलेल्या माणसाकडून ती फाटते. शिवाय मीठ टाकलेल्या रस्त्यांवर अलॉय व्हील विटतात. लोखंडी रिम गंजल्या तरी कुणाच्या जिवाला लागत नाही.

हवेचा दाब दाखवणारे सेन्सर प्रत्येक रिमला वेगळे लागतात. कॅनडात ते कायद्यानं बंधनकारक नाहीत, त्यामुळे अनेकजण हिवाळी संचात ते बसवत नाहीत आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पाच महिने पेटलेला सहन करतात. तसं करणार असाल तर आठवी पायरी नीट वाचा.

## ७. सेकंड हँड टायर घेताना फसू नका

सेकंड हँड गाडीसोबत ‘विंटर टायर फुकट’ मिळाले की आनंद होतो. खाली बसून आधी मोजा.

नव्या विंटर टायरची नक्षी साधारण ८ ते ९ मिलिमीटर खोल असते. खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे उंचवटे असतात ते १.६ मिलिमीटरचे. टायर तिथवर झिजला की तो बाद, हे सगळ्यांना ठाऊक असतं. न ठाऊक असलेली गोष्ट अशी की बर्फात विंटर टायर त्याच्या कितीतरी आधी, साधारण ४ मिलिमीटरला निकामी होतो. खाच उथळ झाली की बर्फ भरून बसायला जागा उरत नाही, आणि अनेक टायरमध्ये ते बारीक काप तळापर्यंत गेलेलेही नसतात. म्हणजे विकणारा ‘अजून निम्मी नक्षी आहे’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ कामाचं जवळजवळ काहीच शिल्लक नाही. साडेआठपैकी चार वगळले तर वापरायला मुळात साडेचारच मिलिमीटर होते.

प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजा: आतली कड, मध्य, बाहेरची कड. आतली कड जास्त झिजलेली असेल तर ज्या गाडीवरून तो उतरला तिचं अलाइनमेंट बिघडलेलं होतं. मध्य जास्त झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली गेली होती. चारही टायरची जन्मतारीख बघा. सहा वर्षांच्या पुढचा विंटर टायर नक्षी छान दिसली तरी घेऊ नका. रबर वयानं ताठ होतं आणि मऊपणा हाच तर त्याचा गुण. नखानं ठोकळा दाबून बघितला की फरक जाणवतो. नवा दबतो, म्हातारा दाद देत नाही.

## ८. बसवून घ्या, मग हवा मोजा

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तारीख ठरवा आणि महिनाअखेर किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टायर बसवा. पहिला बर्फ पडतो त्या दिवशी अख्खं शहर एकाच वेळी दुकानाला फोन करतं, आणि मग आठवडे थांबावं लागतं. तो पहिला बर्फ शून्य अंशांच्या आसपास, अर्धवट वितळलेला असतो. वर पाण्याचा थर असलेला असा बर्फ उणे २० च्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो.

गाडी ताब्यात घेताना तीन गोष्टी बघा. बऱ्याच विंटर टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो वरच्या बाजूला बोट ठेवून बघितल्यास गाडीच्या पुढच्या दिशेला हवा. घाईच्या दिवसात एखादं चाक उलट बाजूला बसतं आणि मग त्याची नक्षी चिखल बाहेर फेकण्याऐवजी आत ओढते. दुसरं, नट टॉर्क पान्यानं आवळले का ते विचारा. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, या मापाच्या गाड्यांना सहसा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास. नुसत्या हवेच्या गननं आवळलेला नट रस्त्यात स्टेपनी बदलायच्या वेळी सुटत नाही. तिसरं, ८० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासायचे. नवी रिम बसल्या जागी किंचित स्थिरावते आणि नट सैल होतात. बहुतेक दुकानं हे फुकट करून देतात.

आता हवा. गोव्यात महिना-दोन महिन्यांनी पेट्रोल पंपावर हवा बघितली तरी भागतं. तिकडे तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण २ पीएसआयनं कमी होते, पंक्चर नसताना. आपल्या कुटुंबानं दुकानातल्या २० अंशांच्या उबेत ३३ पीएसआय भरून घेतले असं धरू. जानेवारीत उणे १५ च्या सकाळी तोच टायर २७ च्या आसपास दाखवेल. गमतीची गोष्ट म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या गाड्यांमध्ये इशाऱ्याचा दिवा दाब २५ टक्के उतरल्यावर लागतो, म्हणजे २५ च्या खाली. २७ ला दिवा गप्प असतो आणि टायर मात्र कमी हवेवर धावत असतो, कडा झिजवत, गाडी वळवायला जड करत.

म्हणून महिन्यातून एकदा, आणि प्रत्येक मोठी थंडीची लाट आल्यावर, गाडी रात्रभर बाहेर थंड झालेली असताना सकाळी मोजा आणि स्टिकरवरचा आकडा पुरा करा. चालून गरम झालेल्या टायरवर मोजलं तर आकडा फुगलेला येतो. बर्फात पकड यावी म्हणून हवा मुद्दाम कमी ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो वाळूत गाडी चालवणाऱ्याचा सल्ला समजा. व्हॉल्व्हची टोपणं लावलेलीच ठेवा. ओलावा आत जाऊन गोठला तर व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि हवा गळते.

## ९. एप्रिलमध्ये उतरवा आणि नोंद करून ठेवा

दिवसाचं तापमान पुन्हा सतत ७ च्या वर राहू लागलं, ओटावात साधारण एप्रिलच्या मध्यानंतर, की हिवाळी चाकं उतरवा. मार्चच्या अखेरीस दोन उबदार दिवस आले म्हणून घाई करू नका, एप्रिलच्या सुरुवातीलाही तिथे बर्फ पडतो.

उतरवताना प्रत्येक चाकावर खडूनं जागा लिहा: पुढचं डावं, मागचं उजवं. पुढच्या मोसमात पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावायची, बाजू तीच ठेवून, म्हणजे बाणाची दिशा बिघडत नाही. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात, अदलाबदल न केल्यास दोन टायर संपतात आणि दोन उरतात.

खाचांतलं मीठ आणि खडी धुऊन, चाकं पूर्ण कोरडी करून काळ्या पिशवीत बांधा. ऊन रबराला खातं, आणि फ्रीज किंवा मोटर चालते त्या कोपऱ्यातला ओझोनही खातो. रिमवर चढवलेली चाकं एकावर एक आडवी रचता येतात. बिनरिमचे टायर उभे ठेवा आणि महिन्याभरानं थोडे फिरवा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाल्कनीत टायर ठेवायला अनेक इमारतींत मनाई असते. भाडेकरार करण्याआधी तळघरात कपाटाची जागा मिळते का ते विचारा, नाहीतर मोसमाचं भाडं घेऊन चाकं सांभाळणारी टायरची दुकानं असतात, तो खर्च सहाव्या पायरीच्या हिशोबात मिळवा.

शेवटी चारही टायरची नक्षी मोजून पावतीच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. पहिल्या हिवाळ्यात साडेआठचे साडेसात झाले असतील, तर ४ मिलिमीटरपर्यंत यायला त्याच वापरात आणखी तीन हिवाळे आहेत. साडेसहावर आले असतील तर एकच हिवाळा नीट निघेल, आणि नवे टायर घ्यायची सोय त्याच्या पुढच्या ऑक्टोबरआधी करायची आहे.